लेट फी लागली? आधी तीन तारखा बघा

क्रेडिट कार्डाचं बिल शेवटच्या दिवशी भरलं, तरी पुढच्या स्टेटमेंटमध्ये लेट फी दिसते. अशा वेळी तीन नोंदी शेजारी ठेवा: स्टेटमेंटवरची देय तारीख, पैसे भरल्याच्या पावतीवरची वेळ आणि कार्डखात्यात रक्कम जमा झाल्याची तारीख.

समजा, देय तारीख १० आहे. तुम्ही १० तारखेला रात्री पावणेअकराला किमान देय रक्कम भरली. बँकेची कट-ऑफ वेळ संध्याकाळीच संपलेली, मध्ये सुट्टी आली आणि रक्कम जमा झाली १२ तारखेला. बँकेच्या हिशेबाने दोन दिवस उशीर झाला. पण रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार, थकबाकी देय तारखेनंतर तीन दिवसांहून जास्त राहिली तरच लेट फी आकारता येते. म्हणजे इथे ती चुकीची आहे. रक्कम १४ तारखेला जमा झाली असती, तर मात्र कट-ऑफचा मुद्दा निर्णायक ठरला असता. व्याजाचा हिशेब वेगळा. ही सवलत त्याला लागू नाही.

पावतीवरचा यूटीआर क्रमांक देऊन लेखी तक्रार करा आणि फीसोबत तिच्यावरचा जीएसटीही परत मागा. तीस दिवसांत दाद मिळाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार नोंदवा.