भाडेकरार झाला, प्रत मात्र मालकाकडेच

भोसरी, मोशी, चिखलीतून कंपनीच्या बसने चाकणला जाणाऱ्या कितीतरी भाडेकरूंनी करारावर सही केलेली असते, अंगठाही दिलेला असतो. करार मात्र हातात आलेला नसतो. गॅस कनेक्शन, बँकेतला पत्ताबदल किंवा मुलाचा आरटीई प्रवेश निघाला की त्याची आठवण होते. मालकांना विचारलं तर ते म्हणतात, "एजंटकडे असेल." एजंट फोन उचलत नाही.

यात सगळ्यात पक्का बसलेला समज असा, की मूळ प्रत मालकाची असते आणि त्यांनी दिली तरच ती मिळते. हल्ली एजंट लॅपटॉप, कॅमेरा आणि अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येतो. या ऑनलाइन नोंदणीत कपाटात ठेवायची कागदी मूळ प्रत नसतेच. दुय्यम निबंधकाची डिजिटल सही झालेली पीडीएफ हाच दस्त, आणि ती दोघांनाही सारखीच उपयोगी पडते. दस्त क्रमांक कळला तर नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर कार्यालय, वर्ष आणि क्रमांक टाकून सूची क्रमांक 2 शोधता येते. प्रमाणित नक्कल हवी असेल तर शुल्क भरून दुय्यम निबंधक कार्यालयात अर्ज करता येतो. त्यामुळे मालकांकडे पीडीएफ नसली तरी निदान दस्त क्रमांक मागावा.

"अंगठा दिला म्हणजे नोंदणी झाली" हा समज जास्त महागात पडतो. अंगठ्यानंतर दस्त दुय्यम निबंधकाकडे तपासणीला जातो. नावात किंवा पत्त्यात चूक निघाली तर तो परत येतो, आणि एजंटने दुरुस्ती करून पुन्हा पाठवला नाही तर तिथेच पडून राहतो. मालक आणि भाडेकरू दोघंही करार झाला असं धरून चालतात. म्हणून मिळालेल्या पीडीएफवर दस्त क्रमांक, दुय्यम निबंधक कार्यालयाचं नाव आणि डिजिटल सही आहे का ते बघावं. ही तिन्ही नसतील तर तो निव्वळ मसुदा.

पैशांवरूनही अंदाज येतो. भोसरीत 12,000 रुपये भाडं, 40,000 रुपये डिपॉझिट आणि 11 महिन्यांची मुदत धरू. एकूण भाडं 1,32,000 होतं. डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्क्यांनी धरलेली रक्कम त्यात मिळवायची, म्हणजे साधारण 3,667 रुपये. या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क लागतं, सुमारे 340 रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क 1,000. बाकीचे पैसे दस्त हाताळणी शुल्काचे आणि एजंटच्या फीचे. नोंदणीच्या नावाखाली तुमच्याकडून पैसे घेऊन स्टँपपेपरवर नुसता नोटरीचा शिक्का मारून दिला असेल, तर नोंदणी झालेलीच नाही. आरटीईला असा करार चालत नाही.

यावर हमखास ऐकू येणारं उत्तर म्हणजे "अकरा महिन्यांचाच आहे, नोंदणी कशाला?" वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला केंद्राचा नोंदणी कायदा सूट देतो, तिथून हा समज आला. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 याच्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. ते खोडून काढायचं ओझं मालकावर येतं. म्हणजे कागद दडवून मालकच स्वतःची बाजू कमकुवत करतात.

काही मालकांना वाटतं, प्रत दिली की हा उद्या घरावर हक्क सांगेल. खरं तर उलट आहे. लिव्ह अँड लायसन्समध्ये फक्त वापराची परवानगी मिळते, मालकी हक्क नाही. आणि मुदत संपल्यावर सक्षम प्राधिकाऱ्याकडून घर परत मिळवताना मालकांना हाच लेखी करार पुरावा म्हणून लागतो. कलम 24 नुसार मुदतीनंतर घर न सोडणाऱ्याला दुप्पट दराने भरपाई द्यावी लागू शकते. आपली शेवटची तारीखच ठाऊक नसलेल्या भाडेकरूने तरी प्रत मागायलाच हवी.

मागणी लेखी असावी, पण भांडणाची नको. व्हॉट्सॲपवर एवढं पुरे: "नमस्कार काका, खोलीच्या कराराची नोंदणी झालेली पीडीएफ अजून मला मिळाली नाही. गॅस कनेक्शनसाठी लागते आहे. कृपया पाठवाल का? तुमच्याकडे नसेल तर दस्त क्रमांक आणि एजंटचा नंबर द्या, मी काढून घेतो." तारखेसह मागणीची नोंद राहते, आणि काकांवर कामही पडत नाही. पोलिसांकडे दिलेल्या भाडेकरू माहितीची पोच त्यांनी पाठवली, तर तो वेगळा कागद आहे. तो कराराची जागा घेत नाही.

नोंदणी झालीच नाही असं निघालं तर सहीची तारीख बघा. सहीपासून चार महिन्यांच्या आत दस्त नोंदणीला देता येतो. त्यानंतर आणखी चार महिने मिळू शकतात, पण नोंदणी शुल्काच्या दहा पटीपर्यंत दंड लागू शकतो. त्याही पुढे गेलं असेल तर मालकांशी बोलून नवा करार करून घेणंच सोपं पडतं.