फिल्मवरचा फिकट पट्टा

सिंगापूरच्या केंट रिजवर, विद्यापीठाच्या आवारात, १९८७ साली इन्स्टिट्यूट ऑफ मॉलिक्युलर अँड सेल बायॉलॉजी सुरू झाली. लंडन आणि सिंगापूरची ही संस्था अशा दोन ठिकाणी काम करणाऱ्या लुई लिम आणि एड मॅन्सर यांच्या गटाने १९९२ मध्ये एक देखणी चाचणी प्रसिद्ध केली. तिचा विषय होता रास प्रथिनाचे चुलतभाऊ, म्हणजे रॅक आणि त्याच्या जवळची प्रथिने. पण रासचे मर्म समजून घ्यायला याहून चांगले चित्र नाही.

ही प्रथिने दोन स्थितींत राहतात. जीटीपी धरले की चालू, जीडीपी धरले की बंद. जीटीपीला तीन फॉस्फेट असतात, जीडीपीला दोन. बंद होताना प्रथिन जीटीपी सोडून देत नाही; त्याच्या कुशीतच पाण्याचा एक रेणू शेवटचा फॉस्फेट तोडतो.

चाचणीत नेमका तोच शेवटचा फॉस्फेट किरणोत्सर्गी केलेला असतो. पेशीतली प्रथिने आकारानुसार वेगळी करून पडद्यावर उतरवायची आणि त्यांवर जीटीपी धरलेले प्रथिन पसरायचे. पडद्यावर फॉस्फेट तोडायला मदत करणारे प्रथिन, म्हणजे गॅप, जिथे असेल तिथला किरणोत्सर्ग नाहीसा होतो. काळ्या फिल्मवर तेवढाच पट्टा फिकट दिसतो.

रासला ही मदत लागतेच. एकट्याने फॉस्फेट तोडायला त्याला साधारण अर्धा तास लागतो. गॅप आले की वेग लाखभर पटींनी वाढतो. १९९७ मध्ये स्फटिकरचनेतून दिसले की गॅप आपला आर्जिनिन बोटासारखा रासच्या खोबणीत घालते. रासचा ६१ वा ग्लुटामिन पाण्याला योग्य जागी धरतो. या दोघांना लागून १२ वा ग्लायसिन असतो, आणि तिथे जागा अगदी जेमतेम.

१९८२ मध्ये मूत्राशयाच्या कर्करोगातून वाढवलेल्या टी-२४ पेशींत याच जागी डीएनएचे एक अक्षर बदललेले सापडले. ग्लायसिनची बाजूची शाखा म्हणजे फक्त एक हायड्रोजन. तिथे आला फांदी फुटलेला व्हॅलिन. आर्जिनिनचे बोट आणि ग्लुटामिन नीट बसेनात. गॅप रासला चिकटते, पण फॉस्फेट तुटत नाही. अशा प्रथिनाने वरची चाचणी केली, तर फिकट पट्टा उमटणारच नाही. म्हणजे बिघाड चालू होण्यात नाही, बंद होण्यात आहे. वाढीचा निरोप मूळ संकेत थांबल्यावरही चालूच राहतो.

मात्र सगळे बदल सारखे नसतात. १२ व्या जागी सिस्टीन आला, तर गॅपची मदत निरुपयोगी ठरते, पण रासची स्वतःची संथ तोड जवळजवळ शाबूत राहते. त्यामुळे हे प्रथिन अधूनमधून जीडीपीच्या स्थितीत येते. २०२१ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेले सोटोरासिब तेवढ्या सवडीत त्या सिस्टीनच्या गंधकाला कायमचे चिकटते आणि रासला बंद स्थितीतच जखडते. व्हॅलिनला असा गंधक नाही, त्यामुळे टी-२४ पेशींतल्या रासवर हे औषध चालत नाही.