लॉक स्क्रीनवरच्या तीन ओळी

आयफोनच्या लॉक स्क्रीनवर, घड्याळाच्या आकड्यांखाली, २०२२च्या आयओएस १६पासून छोटी विजेटं बसवता येतात. त्यातलं रिमाइंडर्सचं आयताकृती विजेट घेतलं, की फोन न उघडताच आजची कामं दिसतात. जागा मात्र जेमतेम तीन ओळींची. त्यामुळे त्या तीन ओळींत काय येतं, हाच खरा प्रश्न आहे.

विजेट बसवणं सोपं आहे. लॉक स्क्रीनवर बोट दाबून धरायचं, Customize निवडायचं, वेळेखालच्या चौकटीवर टॅप करून Reminders घ्यायचं आणि यादी म्हणून Today ठेवायची. घोळ होतो तो यानंतर.

समजा, ठाण्याच्या एका शिक्षिकेला गुरुवारी सकाळी साडेआठला बीपीची गोळी घ्यायची आहे, दुपारी विजेचं बिल भरायचं आहे आणि संध्याकाळी शिंप्याकडून ब्लाउज आणायचा आहे. तीन कामं, तीन ओळी. पण ‘ब्लाउज’ लिहिताना तारीखच टाकली नसेल, तर ते काम Today यादीत येणारच नाही. उलट, सोमवारी राहून गेलेलं बँकेचं काम तिथे ठाण मांडून बसतं, कारण मुदत टळलेली कामंही या यादीत येतात. अशी दोन-तीन जुनी कामं साठली, की आजची गोळी पडद्याबाहेर गेलीच म्हणून समजा. म्हणून रात्री झोपण्याआधी राहिलेल्या कामांना नवी तारीख द्यावी, नाहीतर ती सरळ काढून टाकावीत.

मराठीत लिहिणाऱ्यांची अडचण आणखी वेगळी. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि ओळ नेमकी शेवटीच कापली जाते. ‘आईच्या गुडघ्याच्या डॉक्टरांना फोन करणे’ याचं पडद्यावर ‘आईच्या गुडघ्याच्या…’ एवढंच उरतं. ‘फोन: आईचे डॉक्टर’ असं लिहिलं, तर काम एका नजरेत कळतं.

कधी कधी विजेट शिळंही दिसतं. ते अखंड चालणारं अ‍ॅप नसतं. अ‍ॅपने आधीच तयार करून दिलेली चित्रं फोन ठरल्या वेळी दाखवत असतो. बॅटरी वाचावी म्हणून, वारंवार पाहिल्या जाणाऱ्या विजेटालाही दिवसातून साधारण ४० ते ७० वेळाच ताजं होण्याची मुभा मिळते. त्यामुळे नवऱ्याने सामायिक यादीत आत्ता टाकलेलं काम बायकोच्या पडद्यावर लगेच दिसेलच असं नाही. शंका आली तर एकदा अ‍ॅप उघडून पाहावं.

आणि फोन टेबलावर पडलेला असताना औषधाचं नाव शेजारच्यालाही वाचता येतं. ते नको असेल, तर सेटिंग्जमध्ये पासकोडच्या पानावर Allow Access When Locked या भागात जाऊन लॉक स्क्रीनवरची विजेटं बंद करता येतात. किंवा तेच विजेट होम स्क्रीनवर ठेवावं: तिथे ते फोन उघडल्यावरच दिसतं आणि आयओएस १७पासून झालेल्या कामावर तिथल्या तिथे खूणही करता येते.