चेहरा जुळला, हसू जुळलं नाही

डिसेंबर २०१६ मध्ये ‘स्टार वॉर्स’चा ‘रोग वन’ हा चित्रपट पडद्यावर आला आणि १९९४ साली वारलेले नट पीटर कुशिंग त्यात पुन्हा बोलताना दिसले. अभिनय गाय हेन्री यांचा, चेहरा संगणकाने घडवलेला. सुरकुत्या, प्रकाश, कातडीचा पोत, कशातच ढोबळ चूक नव्हती. तरीही तो चेहरा बोलू लागला की अनेकांना अस्वस्थ वाटलं.

पुढच्याच वर्षी डीपफेक आले. एकच न्यूरल जाळं अदलाबदल करायच्या दोन्ही माणसांचे चेहरे ‘वाचतं’ आणि प्रत्येकाचा चेहरा रंगवणारं जाळं मात्र वेगळं, अशी त्यांची रचना. शिकवणीचे फोटो कमी पडले की ते आरशासारखे उलटवून संख्या वाढवायची, ही नेहमीची युक्ती. माझ्या मते पहिली खोट इथेच शिरते. कुणाचाही चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा नसतो. कुणाचा डावा ओठ आधी वर जातो, कुणाची एक पापणी किंचित जड असते. उलटवलेल्या फोटोंमुळे डावं-उजवं मिसळतं आणि त्या माणसाची खास वाकडी लकब सपाट होते. एकेक फ्रेम थांबवून पाहिली तर सगळं स्वच्छ दिसतं, पण ओळखीचं माणूस सापडत नाही.

२०१८ मध्ये संशोधक सिवेई ल्यू आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की हे चेहरे पुरेसे डोळे मिचकावत नाहीत, कारण शिकवणीच्या फोटोंत मिटलेले डोळे क्वचितच असतात. तसे फोटो घातल्यावर हा दोष लवकरच कमी झाला. टिकून राहिला तो हालचालींच्या वेळेचा दोष. मनापासून आलेल्या हसण्यात ओठांचे कोपरे उचलले जातात आणि डोळ्यांभोवतीचा स्नायू आवळतो. त्या दोन हालचालींचा मेळ असतो. एखादी निसटती भावछटा सेकंदाच्या पाचव्या भागात सरते, म्हणजे चित्रपटाच्या जेमतेम पाच फ्रेम. चेहरा थरथरू नये म्हणून लागोपाठच्या फ्रेम गुळगुळीत केल्या की सर्वांत आधी पुसली जाते ती हीच. मग तोंड हसतं आणि डोळे मागे राहतात.

डिसेंबर २०२० मध्ये ‘स्टार वॉर्स’च्याच ‘द मँडलोरियन’ या मालिकेतला, संगणकाने घडवलेला तरुण ल्यूक स्कायवॉकर असाच ताठर वाटला. काही दिवसांतच ‘शॅमुक’ नावाने काम करणाऱ्या एका कलाकाराने त्याच दृश्यावर डीपफेक केला. तो अनेकांना अधिक जिवंत वाटला, आणि २०२१ मध्ये लुकासफिल्मने त्या कलाकाराला कामावर घेतल्याची बातमी आली.

त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत गाजलेल्या टॉम क्रूझच्या डीपफेकमागे व्हिज्युअल इफेक्ट्स कलाकार ख्रिस उमे यांची मेहनत होती, पण मला तिथे मोठा वाटा नट मायल्स फिशर यांचा वाटतो. ते क्रूझची नक्कल आधीपासूनच करत होते. मान कधी झटकायची, हसू किती ताणून अचानक थांबवायचं, हे त्यांच्या स्नायूंत होतं. संगणकाने फक्त कातडी बदलली. त्यांच्या जागी क्रूझची लकब न जाणणारा नट असता, तर तीच कातडी तितक्याच सफाईने बसली असती आणि हसू मात्र त्या नटाचंच दिसलं असतं.