दिवाळीतला नफा, दसऱ्यातली चणचण

घरगुती फराळाचा व्यवसाय करणाऱ्या बाईंना दिवाळीनंतर विचारलं, तर त्या सांगतात की हंगाम चांगला गेला. तोच प्रश्न दसऱ्याच्या आठवड्यात विचारला, तर उत्तर मिळतं की किराणावाल्याचे पैसे कुठून द्यायचे तेच कळत नाही. दोन्ही उत्तरं खरी असतात. नफा वर्षाच्या हिशेबात दिसतो, पण रोकड त्या त्या आठवड्यात हातात असावी लागते. ज्या धंद्याची कमाई एका महिन्यात उसळते आणि दुसऱ्या महिन्यात बसते, त्याने नफ्याच्या हिशेबाआधी रोकडीचा अंदाज मांडायला हवा.

हा अंदाज मांडताना पहिली चूक कॅलेंडरमुळे होते. गेल्या ऑक्टोबरात इतकी विक्री झाली, म्हणजे या ऑक्टोबरातही तेवढी होईल, असं धरलं जातं. पण लक्ष्मीपूजन २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला होतं, २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला आणि २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला. २०२६ मध्ये ते ८ नोव्हेंबरला आहे, कारण मध्ये अधिक महिना येतो. म्हणजे २०२५ ची जवळजवळ सगळी विक्री ऑक्टोबरात झाली असेल, तर २०२६ मध्ये तिचा मोठा भाग नोव्हेंबरात येईल. जुन्या वहीतले आकडे महिन्यांनी न मोजता ‘दिवाळीआधी किती आठवडे’ असे मोजले, तर ते दरवर्षी उपयोगी पडतात. पितृपक्षात मागणी थंड असते, नवरात्रात चौकशी सुरू होते, दसऱ्यानंतर धावपळ होते. हा क्रम तारखा सरकल्या तरी बदलत नाही.

आता एक उदाहरण मांडू. आकडे नमुन्याचे आहेत. समजा, एका बाईंना या दिवाळीत तीन लाखांची विक्री अपेक्षित आहे. निम्मी घरगुती ग्राहकांची आणि निम्मी एका कार्यालयाची, कर्मचाऱ्यांना द्यायच्या डब्यांची. सामान आणि खोके मिळून १,३५,००० रुपये, जादा मदतनिसांची मजुरी ५०,००० आणि गॅस-पोहोच १५,०००. फायदा सरळ एक लाखाचा दिसतो. याशिवाय वर्षभराचा खर्च आहेच: गाळ्याचं भाडं, वीज, कायमच्या मदतनीस बाईंचा पगार आणि स्वतःच्या घरखर्चासाठी उचललेले पैसे, असे आठवड्याला ९,०००. घरखर्चाची रक्कम लिहायला बहुतेक जण विसरतात, आणि मग गल्ला का आटतो ते कळत नाही. दिवाळीपर्यंत रोजच्या चिवडा-चकलीच्या विक्रीतून आठवड्याला ६,००० येतात. २८ सप्टेंबरला हातात ४०,००० आहेत.

तक्ता करताना एकच नियम पाळायचा. विक्री झाली त्या दिवशी नाही, पैसे हातात पडतील त्या आठवड्यात जमा लिहायची. खर्चाचंही तसंच.

| आठवडा सुरू | जमा | खर्च | शिल्लक |
|---|---|---|---|
| २८ सप्टेंबर | ६,००० | ९,००० | ३७,००० |
| ५ ऑक्टोबर | ६,००० | २४,००० | १९,००० |
| १२ ऑक्टोबर | ५६,००० | ६९,००० | ६,००० |
| १९ ऑक्टोबर | ६,००० | ८४,००० | –७२,००० |
| २६ ऑक्टोबर | ३६,००० | ३४,००० | –७०,००० |
| २ नोव्हेंबर | ७६,००० | ३४,००० | –२८,००० |

५ ऑक्टोबरच्या आठवड्यात खोक्यांचे १५,००० गेले. १२ तारखेच्या आठवड्यात घरगुती ग्राहकांकडून ५०,००० आगाऊ आले, पण सामानाची पहिली ६०,००० ची खरेदीही तेव्हाच झाली. दसऱ्याच्या आठवड्यात डाळ, बेसन, तूप, सुकामेवा यांची ६०,००० ची दुसरी खरेदी आणि मजुरी एकदम आली. घरगुती ग्राहकांचे उरलेले एक लाख फराळ पोहोचल्यावर, शेवटच्या दोन आठवड्यांत मिळाले. कार्यालयाचे दीड लाख या तक्त्यात कुठेच नाहीत, कारण ते बिलानंतर तीस किंवा पंचेचाळीस दिवसांनी येणार आहेत.

तक्त्यातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा शेवटचा नाही, सगळ्यात खालचा आहे. उणे ७२,००० म्हणजे एवढी रक्कम १९ ऑक्टोबरच्या आठवड्यात उभी करावी लागेल. हे सप्टेंबरात कळलं, तर मार्ग असतात. दसऱ्याला कळलं, तर सोनं गहाण टाकणं किंवा महागडं कर्ज काढणं एवढंच उरतं.

सप्टेंबरातले मार्ग दोन. कार्यालयाकडून ऑर्डरसोबतच, म्हणजे १२ ऑक्टोबरच्या आठवड्यात, चाळीस टक्के, म्हणजे ६०,००० आगाऊ मागायचे. किराणावाल्याला दुसऱ्या खरेदीतले निम्मे पैसे रोख आणि उरलेले ३०,००० दोन आठवड्यांनी द्यायचं ठरवायचं. पुन्हा तक्ता मांडला, तर दसऱ्याच्या आठवड्यात उणे ७२,००० च्या जागी १८,००० शिल्लक दिसते आणि दिवाळीला, किराणावाल्याचे पैसे चुकते करून, ३२,००० उरतात. फायदा एक पैशानेही वाढलेला नाही. फक्त पैसे येण्या-जाण्याच्या तारखा बदलल्या.

मात्र तक्ता दिवाळीला थांबवला, तर दुसरा खड्डा दिसत नाही. फराळ खाऊन कंटाळलेलं गिऱ्हाईक नोव्हेंबरात फिरकत नाही. जमा शून्य धरली, तर आठवड्याला ९,००० जाऊन ३० नोव्हेंबरच्या आठवड्यात शिल्लक पुन्हा उणे होते. कार्यालयाचे उरलेले ९०,००० तोपर्यंत आले नाहीत, तर गाळ्याचं भाडं थकणार. म्हणून तक्ता शेवटची उधारी वसूल होईपर्यंत चालवायचा. साधारण तेरा आठवड्यांचा तक्ता पुरतो.

या उधारीबाबत कायदा बाजूने आहे. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेणाऱ्याने, लेखी करार नसेल तर पंधरा दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत पैसे द्यावेत, असं २००६ चा एमएसएमई विकास कायदा सांगतो. उशीर झाला तर व्याज द्यावं लागतं. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे. बिलावर नोंदणी क्रमांक आणि पैसे देण्याची शेवटची तारीख छापलेली असावी.

शेवटी, अंदाज चुकतोच. तो किती चुकला हे वेळेत कळायला हवं. दर सोमवारी तक्त्यातल्या जमेच्या शेजारी खरी जमा लिहायची. वरच्या उदाहरणात आगाऊ रक्कम दसऱ्याआधी येते आणि मोठी खरेदी नंतर होते, म्हणून दसऱ्याची सकाळ ही तपासणीची वेळ. पन्नास हजारांऐवजी पस्तीसच आगाऊ आले असतील, तर मागणी कमी आहे असं समजून दुसरी खरेदी त्याच प्रमाणात घटवायची. कार्यालयाची आगाऊ रक्कम आली नसेल, तर त्यांच्या डब्यांचं सामान आणायचंच नाही. नाहीतर त्यांची दिवाळी आपल्या उधारीवर होते. आणि ग्राहकांचे आगाऊ पैसे म्हणजे कमाई नव्हे. फराळ पोहोचेपर्यंत ते आपल्यावरचं देणं असतं, त्यातून घरातली खरेदी करू नये.

यासाठी संगणक लागत नाही. शंभरपानी वही, चार रकाने आणि सोमवारची पंधरा मिनिटं पुरतात. गेल्या दिवाळीची बिलं अजून जपून ठेवली असतील, तर आधी त्यांवर ‘दिवाळीआधी किती आठवडे’ ते लिहून काढा. पुढच्या हंगामाचा तक्ता तिथूनच सुरू होतो.