वारंवार रक्तदान आणि लोहक्षय : हिमोग्लोबिन 'पुरेसे' असताना

पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यात चिकित्सा करणाऱ्या वैद्यांना एक विशिष्ट रुग्ण परिचयाचा असेल. वय पस्तीस-चाळीस, कारखान्यात पाळीचे काम, व्यसन नाही. जिना चढताना धाप लागते, रात्री अंथरुणात पाय स्वस्थ राहत नाहीत, केस गळतात, कामात चित्त लागत नाही. हिमोग्लोबिन तेरा, म्हणून कोणी विशेष लक्ष दिलेले नसते. आपणही अग्निमांद्य किंवा रात्रपाळीमुळे झालेला वातप्रकोप समजून चिकित्सा आरंभतो. "आपण रक्तदान करता का?" एवढा प्रश्न मात्र राहून जातो. विचारल्यास तो अभिमानाने खिशातून कार्ड काढतो.

या रुग्णाचा हिशेब मांडून पाहू. तो दर तीन महिन्यांनी, म्हणजे वर्षातून चारदा, कारखान्यातील वा वस्तीतील शिबिरात रक्त देतो. दोन दानांत नव्वदहून अधिक दिवस जातात, म्हणजे पुरुषांसाठीचा नियम तंतोतंत पाळला जातो. प्रत्येक वेळी ३५० मिलीलिटर रक्त जाते. हिमोग्लोबिन १४ धरल्यास त्यात सुमारे ४९ ग्रॅम हिमोग्लोबिन असते, आणि प्रत्येक ग्रॅममध्ये ३.४ मिलिग्रॅम लोह. एका दानात सुमारे १६७ मिलिग्रॅम लोह शरीराबाहेर गेले. वर्षाला चार दाने म्हणजे ६६८ मिलिग्रॅम, दिवसाला साधारण १.८. त्वचा, आतडी यांवाटे पुरुषाचे रोजचे सुमारे एक मिलिग्रॅम लोह जातेच. म्हणजे या गृहस्थाला रोज २.८ मिलिग्रॅम लोह शोषून घ्यावे लागेल.

आता जमेची बाजू. भारतीय वैद्यकीय अनुसंधान परिषदेने २०२० मध्ये पुरुषासाठी रोज १९ मिलिग्रॅम लोहाची शिफारस केली, ती शोषण ८ टक्के धरून. म्हणजे उत्तम जेवणाऱ्याच्या शरीरात प्रत्यक्ष दीड मिलिग्रॅम उतरते. साठा घटला की आतडे अधिक लोह ओढून घेते हे खरे. परंतु भाकरी, डाळ, भाजी यांतील फायटेट त्यास मर्यादा घालते. शोषण दोनपर्यंत चढले तरी रोज ०.८ मिलिग्रॅमची तूट उरते, वर्षाला सुमारे ३०० मिलिग्रॅम.

ही तूट कोठून भरून निघते, यातच फेरिटीनचे मर्म आहे. फेरिटीन म्हणजे लोहाचे कोठार. रक्तातील फेरिटीनचा प्रत्येक नॅनोग्रॅम प्रति मिलीलिटर हा साठ्यातील साधारण ८ मिलिग्रॅम लोहाचा निदर्शक मानतात. आरंभी फेरिटीन ६० असेल तर साठा ४८० मिलिग्रॅम. वरील गतीने तो दीड-पावणेदोन वर्षांत संपतो. या काळात मज्जा कोठारातून लोह उचलून नवे रक्तकण करीत राहते, त्यामुळे हिमोग्लोबिन फारसे ढळत नाही. ते घसरू लागते तेव्हा कोठार रिकामे झालेले असते.

शिबिरात तपासले जाते ते केवळ हिमोग्लोबिन. मोरचुदाच्या द्रावणात रक्ताचा थेंब बुडाला की १२.५ च्या वर आहे असे समजून दात्यास पात्र ठरवितात. येथे एक विसंगती लक्षात घ्यावी : जागतिक आरोग्य संघटना पुरुषात १३ च्या खाली पांडुता मानते. म्हणजे १२.७ हिमोग्लोबिनचा पुरुष एका व्याख्येने रुग्ण आणि दुसऱ्या निकषाने पात्र दाता असतो. हा रक्तपेढीचा प्रमाद नव्हे. ती कसोटी त्या दिवशी रक्त देणे सुरक्षित आहे काय एवढेच पाहते. साठ्याविषयी ती काही सांगूच शकत नाही.

अंतर वाढविल्याने काय साधते याचे उत्तर अमेरिकेत २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मिळते. २६ किंवा त्याहून कमी फेरिटीन असलेल्या ज्या दात्यांना दानानंतर लोह दिले नाही, त्यांना घटलेल्या हिमोग्लोबिनचा ८० टक्के भाग भरून काढण्यास मध्यमानाने १५८ दिवस लागले; रोज ३७.५ मिलिग्रॅम लोह घेणाऱ्यांना ३२ दिवस. लोह न घेणाऱ्या एकूण दात्यांपैकी दोन-तृतीयांशांचा साठा १६८ दिवसांनीही पूर्ववत झाला नव्हता. अर्थात नव्वद दिवस ही किमान मर्यादा आहे, भरपाईची हमी नव्हे. आपल्या रुग्णाने वर्षातून दोनदाच रक्त दिले, तर त्याची रोजची गरज २.८ वरून १.९ वर येते, आणि ती चांगल्या आहाराच्या आवाक्यातील आहे. स्त्रियांसाठी नियमानेच १२० दिवसांचे अंतर आहे. मासिक रजःस्राव पाहता माझ्या मते वर्षातून एकदा हेच प्रमाण योग्य.

आपल्या वर्तुळात रक्तदान म्हणजेच रक्तमोक्षण, म्हणून ते जितके अधिक तितके हितकर, असे कधी कधी बोलले जाते. हे शास्त्रास धरून नाही. रक्तमोक्षण दुष्ट रक्ताचे, तेही बलवान व्यक्तीत, शरद ऋतूत; आणि त्याचे परम प्रमाण एक प्रस्थ, जो या प्रसंगी साडेतेरा पलांचा मानला आहे. दाता शुद्ध रक्त देतो. त्याच्या बाबतीत विचार करावयाचा तो रक्तक्षयाचा. चरकांनी रक्त काढल्यानंतर फार उष्ण वा शीत नसलेले, लघु व दीपनीय अन्न सांगून अग्नीचे रक्षण करावयास सांगितले आहे. शोषणाचा प्रश्न इतक्या स्पष्टपणे पुढे ठेवणारे ते वचन येथे खरोखर उपयोगी पडते.

आहाराचेही असेच मोजून सांगावे. दोन भाकऱ्यांसाठी दीडशे ग्रॅम बाजरीचे पीठ लागले तर त्यात नऊ-दहा मिलिग्रॅम लोह असते, पण शरीरात उतरते पाऊण मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणून पदार्थ वाढविण्याइतकेच शोषण सुधारणे महत्त्वाचे. जेवणासोबत लिंबू, आवळा वा पेरू असावा. मोड आणलेली कडधान्ये, आंबवलेले पदार्थ घ्यावेत. मांसाहारी असल्यास यकृत वा मटण अधूनमधून चालेल. सर्वांत मोठा अडसर चहाचा. कँटीनमध्ये जेवणाला लागूनच चहा घेण्याची रीत असते, आणि तो त्या जेवणातील लोहाचे शोषण निम्म्याहून खाली आणू शकतो. जेवणाच्या आधी-नंतर तासभर चहा नको. रक्तदानानंतर मिळणाऱ्या एका कपाने मात्र काही बिघडत नाही. गुळाविषयीचा विश्वास थोडा आवरता घ्यावा; वीस ग्रॅम गुळात लोह एक मिलिग्रॅमच्या घरात असते.

फेरिटीन १५ च्या खाली गेल्यास साठा संपला असे समजून सहा महिने दान थांबवावे. नवायस लोह, धात्री लोह यांची योजना अग्नी पाहून करावी आणि तीन महिन्यांनी फेरिटीन पुन्हा मोजावे. लक्षणे कमी झाली एवढ्यावर समाधान मानू नये. ज्वर वा शोथ असताना ही चाचणी करू नये. त्या अवस्थेत फेरिटीन खोटेच वाढलेले दिसते. वर्षात एखादेच दान करणाऱ्याचे फेरिटीन तळाला गेले असेल तर रक्तदानास दोष न देता रक्तार्श, आमाशयव्रण किंवा आतड्यातील अन्य रक्तस्राव शोधावा. माती वा बर्फ खाण्याची इच्छाही विचारावी. मृद्भक्षण आपण पांडूचा हेतू म्हणून शिकतो. येथे ते लोहक्षयाचे लक्षण असू शकते.

शेवटी या परिसरापुरती एक सावधगिरी. पिंपरी कॅम्पात सिंधी समाजाची मोठी वस्ती आहे आणि या समाजात बीटा थॅलेसेमियाचे वाहक तुलनेने अधिक आढळतात. वाहकाचे रक्तकण लहान असतात, हिमोग्लोबिन किंचित कमी असते, आणि चित्र हुबेहूब लोहक्षयाचे दिसते. फेरिटीन मात्र पुरेसे असते. अशा व्यक्तीस लोहकल्प देत राहणे निरर्थक, क्वचित अपायकारकही. तेथे हिमोग्लोबिन ए-२ ची तपासणी करावी, आणि विवाह ठरावयाचा असल्यास जोडीदाराचीही.