फोटोतला तो ठिपका ड्रोन की गुरू? आकाशच सांगते फोटोची तारीख

समजा, जानेवारी २०२६मध्ये गावाच्या ग्रुपवर एक फोटो येतो. खाली लासूर स्टेशनचा फलाट, वर काळे आकाश आणि त्यात दोन ठळक ठिपके. सोबत मजकूर : ‘काल रात्री ड्रोन फिरत होते.’ फोटो कोणी काढला, किती वाजता, कोणत्या दिशेला, काहीच माहीत नाही. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलेल्या चित्रातून काढल्याची वेळ आणि ठिकाण निघून जाते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तरच ते टिकते. मग शोधायचे कसे?

ठळक ठिपक्यापासून सुरुवात करू नका. आधी ओळखीची आकृती शोधा. हिवाळ्याच्या आकाशात सर्वांत सोपी म्हणजे मृग नक्षत्रातला बाण, एका ओळीतले तीन तारे. ही ओळ एका बाजूला वाढवली की व्याध हा सर्वांत तेजस्वी तारा येतो, दुसऱ्या बाजूला तांबूस रोहिणी आणि तिच्यापुढे कृत्तिकांचा पुंजका. मोबाइल आडवा धरला असो वा तिरका, हा क्रम बदलत नाही. आकृती उलटी, म्हणजे आरशात पाहिल्यासारखी दिसली, तर फोटो कोणीतरी फिरवलेला आहे.

आता नकाशात नसलेले ठिपके पाहा. आपल्या फोटोत एक रोहिणीच्या अगदी जवळ आहे आणि दुसरा वर, पुनर्वसूच्या जोडताऱ्यांपाशी. दोन्ही ग्रहांच्या वाटेवर, म्हणजे राशींच्या पट्ट्यात आहेत. ‘तारा लुकलुकतो, ग्रह लुकलुकत नाही’ ही खूण फोटोत निरुपयोगी, कारण चित्र स्थिर असते. रंगावरही फार विसंबू नका. मोबाइलमध्ये तेजस्वी ठिपका बहुधा पांढराच उमटतो. उपयोगी पडते ती जागा.

फलाटावरच्या दिव्याचा भिंगातला परावर्तित ठिपकाही फसवतो. दिव्यापासून फोटोच्या मध्यबिंदूतून रेघ ओढा. मध्याच्या पलीकडे तेवढ्याच अंतरावर ठिपका असेल, तर तो आकाशातला नाही, भिंगातला. (फोटो कापलेला असेल, तर ही युक्ती चालत नाही.)

दिशा बाणावरून कळते. बाण जवळजवळ खगोलीय विषुववृत्तावर असल्यामुळे तो पूर्वेला उगवतो आणि पश्चिमेला मावळतो. लासूर स्टेशनच्या सुमारे २० अंश अक्षांशावरून तो उगवताना जवळजवळ उभा दिसतो, तर मावळताना आडवा होऊन उजवीकडे खाली कललेला. आपल्या फोटोत तो दुसऱ्या प्रकारचा आहे, म्हणजे कॅमेरा पश्चिमेकडे होता. मात्र त्यासाठी फोटोत क्षितिज किंवा फलाटाची सरळ कड हवी.

उंची मोजायला पट्टीही आकाशातच आहे. बाणापासून व्याध सुमारे २२ अंशांवर आहे. फोटोत बाणापासून क्षितिजापर्यंतचे अंतर त्याहून थोडे कमी, साधारण १८ अंश भरते. म्हणजे बाण मावळायला सव्वा तास उरला आहे. पण हे किती वाजता? इथे तारे एकटे अडकतात. तेच तारे रोज चार मिनिटे आधी त्याच जागी येतात, महिन्याला दोन तास. हेच दृश्य फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री दीडच्या सुमारास, मार्चमध्ये साडेअकराला आणि एप्रिलमध्ये साडेनऊला दिसते. तारीख कळल्याशिवाय वेळ नाही आणि वेळ कळल्याशिवाय तारीख नाही.

ही गाठ ग्रह सोडवतात. गुरू साधारण वर्षाला एक रास सरकतो. डिसेंबर २०१२मध्ये तो रोहिणीजवळ होता आणि बारा वर्षांनी, फेब्रुवारी २०२५मध्ये, पुन्हा तिथेच. फक्त गुरू असता तर या दोन हिवाळ्यांत निवड करता आली नसती. दुसरा ठिपका मंगळ. २०१२च्या डिसेंबरमध्ये तो पुनर्वसूपाशी नव्हता. जानेवारी-फेब्रुवारी २०२५मध्ये मात्र होता. एप्रिल २०२५पर्यंत गुरू रोहिणीपासून बराच दूर सरकला होता. म्हणून तारीख फेब्रुवारी २०२५ आणि त्यावरून वेळ रात्री दीडच्या आसपास.

जानेवारी २०२६मध्ये तर गुरू मिथुन राशीत आहे आणि मंगळ सूर्याजवळ असल्याने दिसतच नाही. तेव्हा ‘काल रात्रीचा’ म्हणून फिरणारा हा फोटो जवळपास वर्षभर जुना आहे आणि त्यातले ‘ड्रोन’ म्हणजे गुरू आणि मंगळ.

पडताळायचे असेल तर Stellarium अॅपमध्ये ठिकाण, तारीख आणि वेळ घालून तेच आकाश समोर आणता येते. आकृतीच ओळखू येत नसेल, तर फोटो nova.astrometry.net वर टाका. ते ताऱ्यांच्या मांडणीवरून आकाशाचा भाग शोधते, पण ग्रहांचा माग काढून तारीख ठरवायचे काम आपलेच राहते. फोटोत चार-पाचच तारे असतील किंवा ढग असतील, तर यातले काहीच चालत नाही. आणि एकही ग्रह नसेल तर तारखेचा प्रश्न उघडाच राहतो. ताऱ्यांवरून फार तर ‘या महिन्यात या वेळी, किंवा त्या महिन्यात त्या वेळी’ अशा जोड्या मिळतात.